शेवटची ओळ



श्रावणात ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून आणायला सांगितलं. रिपोर्ट आला, पित्ताशयात बारीक खडा निघाला. गोळ्या दिल्या, दुखणं थांबलं आणि रिपोर्ट कपाटात, लाइट बिलांच्या फाईलखाली गेला. तो तिथे मीच ठेवला होता, हे आधीच सांगते. म्हणजे पुढे जे काही लिहीन त्यात दोष एकट्या ह्यांचा नाही.

त्या रिपोर्टवर पित्ताच्या खड्याखाली आणखी एक ओळ होती. डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला २.८ सेंटिमीटरची भरीव गाठ. आणि सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, कॉन्ट्रास्ट सीटी करून घ्यावा असा सल्ला. ह्यांनी ती वाचली होती. मीही वाचली होती. ह्यांचं म्हणणं, "अशा ओळी सगळ्यांच्याच रिपोर्टवर असतात. माझं क्रिएटिनिन १.० आहे, लघवीला त्रास नाही. किडनी उत्तम चाललीय." मला ते पटलं, कारण मला ते पटायलाच हवं होतं.

रक्षाबंधनाला लेक आली होती, तिच्या हाती फाईल लागली. ती काही डॉक्टर नाही, बँकेत आहे. दोनदा फोनवर बोलून झालं. पण ह्यांना दुकानात गिऱ्हाईक असतं, आणि नसलं तरी फोन ठेवायचा झाला की गिऱ्हाईक येतंच. मग तिने वडिलांना सरळ पत्र लिहिलं. पाकिटात घालून, दुकानाच्या पत्त्यावर. ते पत्र मला दाखवायला ह्यांनी आठ दिवस घेतले. तिच्या परवानगीने त्यातलं थोडं इथे देते.

"पप्पा, क्रिएटिनिन म्हणजे दोन्ही किडन्या मिळून रक्त किती साफ करतात त्याचा आकडा. एका किडनीत लहान गाठ असली तरी बाकीचा भाग आणि दुसरी किडनी मिळून काम पुरं करतात आणि आकडा बिघडत नाही. मम्मी बी.कॉम. आहे. तिला विचारा, ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे वहीत चूक नाही असं असतं का?"

हे वाचून मला हसू आलं आणि मग आलं नाही. ट्रायल बॅलन्सची दोन्ही बाजूंची बेरीज जुळते आणि आत चूक तशीच राहते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी परीक्षेत लिहिलेलं उत्तर घरात लावायचं मला सुचलं नाही.

पुढे तिने लिहिलं होतं, "दुखत नाही म्हणून काही नाही, हेही इथे चालत नाही. लघवीतून रक्त, कुशीत दुखणं, हाताला लागणारी गाठ, ही लक्षणं बहुतेक उशिराची. तुमची गाठ सापडली ती पित्ताच्या खड्यामुळे, योगायोगाने. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांत फरक आहे. साधी पाण्याची गाठ वयानुसार पुष्कळांना होते, तिचं काही करावं लागत नाही. तुमच्या रिपोर्टवर भरीव लिहिलंय. ती कसली आहे ते सोनोग्राफी सांगू शकत नाही, म्हणून त्या डॉक्टरांनी शेवटची ओळ लिहिली. ती ओळ तुमच्या डॉक्टरांसाठी होती, तुम्ही ती कपाटाला दिलीत. मी तुम्हाला ऑपरेशन करा म्हणत नाही. ज्याला यातलं कळतं त्याच्याकडून ही ओळ समजून घ्या, एवढंच मागते. माझ्या लग्नातही मी तुमच्याकडे काही मागितलं नव्हतं."

शेवटच्या वाक्याने काम केलं असावं. ह्यांनी वेळ घ्यायला सांगितलं.

इथे एक घोळ झाला, तो तुमच्याही घरी होऊ शकतो. मी फोनवर "किडनीचे डॉक्टर" म्हणाले आणि मला नेफ्रॉलॉजिस्टची वेळ मिळाली. ते किडनीच्या कामकाजाचे, डायलिसिसचे डॉक्टर. गाठ असली तर जायचं युरॉलॉजिस्टकडे, ते सर्जन असतात. लेकीने ते दुरुस्त करून घेतलं. सीटीनंतर नुसता कागद नेऊ नका, चित्रांची सीडीही मागून घ्या, असंही तिने बजावलं. सर्जन स्वतःच्या डोळ्यांनी चित्रं बघतात.

सीटीची वेळ आधी संध्याकाळी पाचची मिळाली होती. हे सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, आणि ते औषध टोचल्यावर भरपूर पाणी प्यावं लागतं. म्हणून आम्ही सकाळी नऊची मागून घेतली. चार तास उपाशी राहायचं होतं, तेही सकाळी सोपं. आपल्यात कोणाला करायचा असेल तर हे आधीच बोलून ठेवा. मधुमेहाची गोळी चालू असेल तर तीही सांगा, काही वेळा ती दोन दिवस थांबवतात. पूर्वी कुठल्या औषधाची ॲलर्जी झाली असेल तर तेही. टोचताना अंगभर ऊन ऊन वाटतं, तोंडाला धातूची चव येते, एवढंच ह्यांना झालं.

युरॉलॉजिस्टनी स्क्रीन ह्यांच्याकडे वळवली. औषध टोचण्याआधीचं चित्र आणि नंतरचं चित्र शेजारी शेजारी. गाठ नंतरच्या चित्रात उजळ झाली होती. म्हणजे तिला रक्तपुरवठा आहे. पाण्याची गाठ तशी उजळत नाही. आत चरबी दिसली असती तर ती बहुधा साध्या जातीची म्हणता आली असती, पण चरबी नव्हती. ते म्हणाले, "चार सेंटिमीटरपेक्षा लहान अशा गाठींत साधारण पाचातली एक निरुपद्रवी निघते."

हे म्हणाले, "आणि चार?"

"त्या कॅन्सरच्या. पण या आकाराला बहुतेक वेळा नुसती गाठ काढून किडनी वाचवता येते. वाढून मोठी झाली की पूर्ण किडनी काढायची पाळी येऊ शकते." फार वय झालेल्या किंवा हृदय कमकुवत असलेल्या माणसाला ते अशा लहान गाठीवर नुसती नजर ठेवायलाही सांगतात, ठरावीक महिन्यांनी स्कॅन करून. ह्यांचं वय ६८, तब्येत धडधाकट, म्हणून काढलेली बरी, असं त्यांचं मत पडलं. ह्यांनी विचारलं, "दिवाळीचा सीझन झाल्यावर चालेल?" ते म्हणाले, काही आठवडे चालतील, पण वर्षभर कपाटात ठेवू नका. कपाटाचं त्यांना कोणी सांगितलं देव जाणे.

माझं मत विचाराल तर लेकीने मला लिहिलं असतं तर काही झालं नसतं. मी ह्यांना वाचून दाखवलं असतं, हे "बघू" म्हणाले असते, मी सुटले असते. आपण मुलींना सांगतो, पप्पांना काळजी नको, मला सांग. त्या काळजीतली निम्मी आपली स्वतःची भीती असते. आणि कर्माचा उदय म्हणून गप्प बसणं मला आता पटत नाही. उदय काय आहे ते कळण्यासाठी तरी कागद वाचणाऱ्याकडे न्यावा लागतोच.

ऑपरेशन मंगळवारी आहे. रिपोर्टची फाईल आता टेबलावरच असते, आणि तिचं पत्र ह्यांच्या दुकानाच्या खतावणीत, चालू पानावर.