लघवीत रक्त दिसले आणि थांबले

आमच्या मोहल्ल्यातील एक चाचा वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत राइस मिलमध्ये पोती मोजत होते. अंगाने काटक. मधुमेह नाही, बीपी नाही. सवय एकच, बिडीची, आणि तीही चाळीस वर्षांची. मे महिन्यात एका सकाळी त्यांना लघवी लाल झालेली दिसली. आग नाही, कळ नाही, ताप नाही. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी लघवी पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ!

भंडाऱ्याचा मे महिना कसा तापतो ते आपण जाणतोच. घरात सगळ्यांनी एकच निदान केले, "उन्हाळी लागली." धने-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला. तरीही मुलाने त्यांना एका डॉक्टरकडे नेले. तिथे पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि लघवीची तपासणी झाली. तोवर रक्त थांबलेले होते, त्यामुळे रिपोर्ट साफ आला. चाचांनी तो कागद घडी करून कपाटात ठेवला आणि "अल्लाहचा शुक्र आहे, काही निघालं नाही," असे सर्वांना सांगितले. आम्हालाही सांगितले, आणि आम्हीही मान डोलावली.

डिसेंबरात रक्त पुन्हा आले. या वेळी त्यात गुठळ्या होत्या आणि लघवी अडली.

या सात महिन्यांत शरीरात काय चालले होते, ते आम्ही नंतर नागपूरच्या मूत्ररोगतज्ज्ञांकडून समजून घेतले. लघवीच्या पिशवीच्या आतल्या अस्तरावर जी गाठ उगवते ती बहुधा दगडासारखी नसते. पाण्यातल्या शेवाळासारखे तिचे बारीक बारीक तंतू आत लोंबत असतात आणि प्रत्येक तंतूत नाजूक रक्तवाहिनी असते. पिशवी भरते, रिकामी होते, त्यात एखादा तंतू तुटतो आणि रक्त येते. मग तिथे गुठळी धरते, जखम मिटते, रक्त थांबते. गाठ मात्र जागच्या जागी असते आणि वाढत असते. पुढचा तंतू आठवड्याने तुटेल की सहा महिन्यांनी, हे कोणी सांगू शकत नाही.

दुखत का नाही, याचेही उत्तर त्यातच आहे. खडा मूत्रनलिकेत अडकला की नलिका ताणली जाते म्हणून कळ येते. जंतुसंसर्गात अस्तर सुजते म्हणून आग होते. अस्तरावर उगवलेली गाठ सुरुवातीला ना काही ताणते, ना सुजवते. म्हणून दुखणे नसले की आपण निर्धास्त होतो, आणि डॉक्टर मात्र नेमके त्यालाच अधिक जपतात.

चाचांना मे महिन्यात गोळ्यांनी गुण आला असे सर्वांना वाटले. खरे तर गोळ्या घेतल्या नसत्या तरी रक्त थांबलेच असते. साफ रिपोर्टचेही तसेच. लघवीची तपासणी फक्त त्या दिवशीच्या लघवीचे सांगते. डोळ्यांनी एकदा लाल पाहिले असेल, तर नंतरचा साफ कागद ते पुसून टाकू शकत नाही.

आमच्या वाचक भगिनींसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. पाळी बंद झालेल्या बाईला कपड्यावर डाग दिसला तर तो कुठून आला हे तिलाच कळत नाही, आणि लाजेने ती विचारतही नाही. दर वेळी 'इन्फेक्शन' म्हणून गोळ्या घेत वर्ष निघून जाते. अशा वेळी स्वच्छ, पांढऱ्या भांड्यात लघवी घेऊन पाहावी. रक्त लघवीत असेल तर भांड्यात दिसेल. इन्फेक्शन ठरवायचे तर कल्चर करून ठरवावे, आणि उपचारानंतर लघवीत रक्त उरले नाही ना, याची पुन्हा तपासणी करावी. आपल्याकडे बैठ्या संडासात पाणी ओतले की सगळे वाहून जाते, म्हणून पुरुषांच्याही हे उशिरा लक्षात येते.

लाल दिसले की रक्तच असते असे नाही. बीट खाल्ल्याने लघवी गुलाबी होते, क्षयाच्या एका औषधाने नारिंगी. रोज्यात पाणी कमी पडले की ती गडद पिवळी होते. मुलाच्या घशाला किंवा त्वचेला संसर्ग होऊन गेल्यावर चहाच्या काळ्या पाण्यासारखी लघवी आणि डोळ्यांवर सूज आली, तर तो मूत्रपिंडाचा आजार असतो, आणि त्यालाही त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले लोक सगळा दोष गोळीला देतात. पण गोळी बहुधा आधीपासून असलेली जखम फक्त उघडी पाडते, तेव्हा त्यांचीही तपासणी व्हायलाच हवी.

जुने हकीम काचेच्या भांड्यातला कारूरा उजेडात धरून पाहत. इब्ने सीनाच्या 'कानून'मध्ये लघवीच्या रंगावर सविस्तर लिहिलेले आहे, आणि युनानीत या लक्षणाला बौलुद्दम हे नावच आहे. आपल्याच राज्यातले एक उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात लोकांच्या लघवीत रक्त आढळत होते. 1952 साली गाडगीळ आणि शाह या डॉक्टरांनी दाखवून दिले की त्यामागे एक कृमी आहे. ही जातीची कृमी गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमार्फत माणसाच्या कातडीतून आत शिरते. इजिप्तमध्ये तर हा रोग इतका पसरलेला होता की मुलग्यांच्या लघवीत रक्त येणे म्हणजे मोठे होण्याची खूण, असे लोक समजत. त्याच कृमीमुळे पुढे कित्येकांच्या पिशवीत कर्करोग झाला.

आपल्या भागात ती कृमी नाही, बिडी-सिगारेट आहे. धुरातली विषे फुप्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंड ती गाळते आणि ती तासन् तास पिशवीत अस्तराला लागून साठून राहतात. म्हणून ओढलेली बिडी पिशवीत बाधते.

नागपुरात चाचांची सोनोग्राफी झाली. ती भरल्या पिशवीवर करावी लागते, आणि लहान गाठ तिलाही चुकते. म्हणून दुर्बिणीची तपासणी लागतेच. मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घालून बारीक दुर्बीण आत सरकवतात. पाच-दहा मिनिटांचे काम. चाचा याच भीतीने घरी भांडले होते, आणि बाहेर येऊन म्हणाले, "बस, इतकंच?" मूत्रपिंड आणि नलिका पाहण्यासाठी सीटी स्कॅन वेगळा झाला.

गाठ तीन सेंटिमीटरची होती. पोटाला चीर न देता, त्याच वाटेने ती खरवडून काढली. तीन दिवस नळी होती. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला. जात आक्रमक होती, पण ती पिशवीच्या स्नायूपर्यंत पोहोचलेली नव्हती. सगळा फरक या एका ओळीत होता. स्नायूत शिरली असती तर बहुधा पूर्ण पिशवी काढण्याची किंवा किरणांची गोष्ट झाली असती. मे महिन्यातच पाहिले असते तर गाठ याहून लहान सापडली असती, एवढेच डॉक्टर म्हणाले.

खरवडलेल्या जागेची दुर्बिणीतून पुन्हा खात्री करून घेतल्यावर आठवड्याला एक असे सहा वेळा पिशवीत बीसीजी सोडले. होय, दंडावर ज्याचा वण असतो तीच बीसीजी! ती पिशवीतली प्रतिकारशक्ती जागी करते आणि रोग परतण्याची शक्यता कमी करते. शून्य करत नाही. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी दुर्बीण आहे.

रक्त दिसलेल्या बहुतेकांना कर्करोग निघत नाही. खडा, प्रोस्टेट, संसर्ग यांपैकीच काही तरी निघते. पण दहात एखाद्याला तरी तो निघतो, आणि तो एक कोण हे दुर्बिणीशिवाय कळत नाही. चाळिशीपुढे, त्यातही बिडी ओढणाऱ्याने, रक्त थांबले तरी त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालय गाठावे आणि "दुखत नव्हतं, आपोआप थांबलं" हे स्वतःहून सांगावे. रक्त कधी आले, सुरुवातीला, शेवटी की पूर्ण धारेत, गुठळ्या होत्या का, हे लिहून न्यावे. मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो.

चाचांची दुसरी दुर्बीण गेल्या महिन्यात झाली. पिशवी साफ होती. बिडी सुटली आहे असे ते सांगतात. चाची मात्र अजून रोज त्यांचे खिसे तपासतात.