विश्लेषण : पंधरा हजारांत कोणता फोन? निकाल लावते चार्जरची ओळ

महाविद्यालयाचा प्रवेश पक्का झाला की लालबाग-परळच्या घरांत पुढचा विषय निघतो तो फोनचा. रुपारेल, रुईया, कीर्ती किंवा परळच्या एम. डी. महाविद्यालयात जाणाऱ्या अनेक मुलांकडे लॅपटॉप नसतो. नोट्सच्या पीडीएफ, हजेरीचा निरोप, परीक्षेचा अर्ज, फीची पावती हे सगळे फोनवरच. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन फोनांचे स्क्रीनशॉट पडतात आणि ‘दोन्ही सारखेच दिसतायत, स्वस्तातला घे’ असा निकाल लागतो. माझे म्हणणे असे, की फोन सारखे दिसतात कारण आपण स्क्रीनशॉट चुकीच्या जागेचे काढतो. विक्रीच्या पानावर मोठ्या अक्षरांत असते ते बहुतेक फोनांत सारखेच असते. फरक बारीक अक्षरांत असतो, आणि पैसेही तिथेच वाचतात किंवा जातात.

उदाहरणाला कोणते दोन फोन?

रेडमी १३सी ५जी आणि सॅमसंग गॅलेक्सी एम१५ ५जी. पहिला भारतात डिसेंबर २०२३ मध्ये आला, दुसरा एप्रिल २०२४ मध्ये. ही जोडी मुद्दाम घेतली, कारण दोन्हींत प्रोसेसर एकच आहे, मीडियाटेक डायमेन्सिटी ६१००+. मुख्य कॅमेरा दोन्हींत ५० मेगापिक्सेलचा, स्क्रीन दोन्हींची ९० हर्ट्झची. शोध निकालांच्या यादीत दोन्ही जुळे भाऊ वाटतात. खाली दिलेल्या किमती बाजारात आले तेव्हाच्या आहेत. तुम्ही पाहाल त्या दिवशी त्या वेगळ्या असतील, पण तक्ता करण्याची रीत बदलत नाही.

स्क्रीनशॉट किती आणि कशाचे?

प्रत्येक फोनचे चार. पहिला किमतीचा, पण आधी हवा तो प्रकार निवडून. रॅम आणि साठवणुकीचे छोटे चौकोन असतात, त्यातला कोणता निवडलेला आहे हे स्क्रीनशॉटमध्ये दिसले पाहिजे. दुसरा तपशिलांचा, ‘सगळे पाहा’ दाबून पूर्ण यादी उघडल्यावर. तिसरा ‘इन द बॉक्स’ या ओळीचा, म्हणजे खोक्यात काय-काय येते त्याचा. चौथा विक्रेता, परत करण्याची मुदत आणि तुमचा पिनकोड टाकल्यावर दिसणारी पोहोच तारीख यांचा. परळ-लालबागकरांनी तिथे ४०००१२ टाकून पाहावे. पिनकोड बदलला की काही वेळा विक्रेता बदलतो आणि त्याबरोबर किंमतही.

दोन्ही फोनांचे स्क्रीनशॉट एकाच बैठकीत काढा. एकाचा सेलमधला आणि दुसऱ्याचा आठवड्यानंतरचा, अशी तुलना होत नाही. नावही पूर्ण वाचा. ‘रेडमी १३सी’ आणि ‘रेडमी १३सी ५जी’ हे दोन निराळे फोन आहेत. पहिला ४जी आहे आणि त्याचा प्रोसेसरही वेगळा, हेलिओ जी८५. शोधताना दोन्ही एकाखाली एक येतात. स्वस्त वाटणारा फोन कित्येकदा हा दुसराच असतो.

तक्त्यात काय घ्यायचे, काय गाळायचे?

दोन्ही फोनांत सारखे असेल ते सगळे गाळायचे. प्रोसेसर सारखा, तर ती ओळ नको. मुख्य कॅमेऱ्याचा आकडा सारखा, ५जी दोन्हींत, त्याही ओळी नकोत. त्या ठेवल्या तर तक्ता भरगच्च दिसतो आणि डोळा फरकावर पोहोचत नाही. उरलेला तक्ता असा होतो :

| ओळ | रेडमी १३सी ५जी | गॅलेक्सी एम१५ ५जी |
|---|---|---|
| प्रकार | ६ जीबी + १२८ जीबी | ६ जीबी + १२८ जीबी |
| सुरुवातीची किंमत | १२,४९९ रु. | १४,७९९ रु. |
| स्क्रीन | ६.७४ इंच एलसीडी, ७२० × १६०० | ६.५ इंच ॲमोलेड, १०८० × २३४० |
| बॅटरी | ५,००० एमएएच | ६,००० एमएएच |
| खोक्यात चार्जर | आहे | नाही |
| सेल्फी कॅमेरा | ५ मेगापिक्सेल | १३ मेगापिक्सेल |
| मूळ अँड्रॉइड | १३ | १४ |
| अपडेटचे आश्वासन | रिकामे | ४ अँड्रॉइड आवृत्त्या, ५ वर्षे सुरक्षा अपडेट |

पहिली ओळ दोन्हीकडे सारखी असूनही ठेवली आहे. तीच तुलना न्याय्य आहे की नाही ते सांगते. एकाचा ४ जीबी आणि दुसऱ्याचा ६ जीबी प्रकार शेजारी ठेवला, तर किमतीतला अर्धा फरक रॅमचा असतो आणि आपण तो कंपनीच्या नावावर टाकतो. ‘१२ जीबीपर्यंत रॅम’ असे लिहिलेले दिसले, तर त्यात आभासी रॅम मिळवलेली असते. म्हणजे साठवणुकीचा एक तुकडा रॅमसारखा वापरायचा. तो खऱ्या रॅमइतका वेगवान नसतो. तक्त्यात खरा आकडाच लिहा.

रेडमीच्या अपडेटचा रकाना रिकामा ठेवला, कारण नियम असा, की स्क्रीनशॉटमध्ये न दिसलेली गोष्ट आठवणीने किंवा दुकानदाराच्या शब्दावर भरायची नाही. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘अपडेट मिळत नाहीत’ असा नव्हे, तर ‘कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन शोधायचे’ असा आहे. तोवर त्या ओळीवरून कुणालाही गुण देऊ नका. सॅमसंगची पाच वर्षे फोन बाजारात आला तेव्हापासून मोजायची, तुम्ही विकत घेतला तेव्हापासून नव्हे. दोन वर्षांनी घेतलेल्या फोनला तीनच उरतात.

स्क्रीनच्या आकड्यांचा अभ्यासाशी काय संबंध?

इथे गुणाकार करून पाहावा. ७२० गुणिले १६०० म्हणजे साडेअकरा लाख ठिपके. १०८० गुणिले २३४० म्हणजे सव्वापंचवीस लाख. स्क्रीन जरा लहान असूनही सॅमसंगवर दुपटीहून अधिक ठिपके आहेत. व्हिडिओ पाहताना हा फरक फारसा जाणवणार नाही. पण प्राध्यापकांनी पाठवलेले, झेरॉक्सवरून स्कॅन केलेले पान पूर्ण रुंदीत उघडले, की जोडाक्षरे आणि गणितातले घातांक ७२०च्या स्क्रीनवर लवकर पुसट होतात. मग बोटांनी मोठे करायचे, बाजूला सरकवायचे, पुन्हा लहान करायचे. दादरहून सुटलेल्या गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने हे जमत नाही. ज्याचा फोन हेच पुस्तक आहे, त्याने सेल्फी कॅमेऱ्याआधी ही ओळ वाचावी.

मग खरी किंमत किती?

पानावरची किंमत म्हणजे घरातून जाणारे पैसे नव्हेत. समजा, परळमधल्या एका घराने पंधरा हजार रुपये काढून ठेवले आहेत आणि त्यात सगळे बसवायचे आहे. कव्हर आणि काच यांचे अडीचशे धरू. रेडमी पडेल १२,७४९ रुपयांना. सॅमसंग १५,०४९ रुपयांना, म्हणजे मर्यादेच्या ४९ रुपये वर. एवढ्यावरून कुणी अडणार नाही. पण सॅमसंगच्या खोक्यात चार्जर नाही. नव्यासाठी हजार रुपये धरले, तर आकडा १६,०४९वर जातो आणि फोन बजेटबाहेर पडतो. म्हणून सगळ्यात निर्णायक ओळ प्रोसेसरची नाही आणि कॅमेऱ्याचीही नाही. ती चार्जरची आहे.

घरात भावाचा टाइप-सी चार्जर असेल, तर तो बहुतेक वेळा चालतो, मात्र वेगाची खात्री नाही. एम१५ २५ वॅटपर्यंत चार्ज होतो, पण तो वेग मिळायला चार्जर त्याच पद्धतीचा लागतो. दुसऱ्या कंपनीचा ‘६७ वॅट’ लिहिलेला चार्जर लावूनही हा फोन हळू भरू शकतो. रात्रभर लावून ठेवणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. रेडमीच्या बाबतीतही ‘१८ वॅट सपोर्ट’ ही एक ओळ आणि खोक्यातला चार्जर किती वॅटचा ही दुसरी. दोन्ही वाचा, पहिलीवरून दुसरी गृहीत धरू नका.

किमतीच्या रकान्यात तीन आकडे लिहू नयेत. बँकेची सवलत, त्या बँकेचे कार्ड घरात नसेल तर. जुन्या फोनच्या बदलीची रक्कम, कारण ती फोन तपासल्यावर घटू शकते. आणि छापील किमतीवरची टक्क्यांतली सूट, कारण त्या छापील किमतीला तो फोन क्वचितच कुणी विकतो. कार्डावर सवलत खरोखर मिळणार असेल, तर वेगळी ओळ करून लिहा.

माझी निवड

घरात चालणारा टाइप-सी चार्जर असेल, तर सॅमसंग एम१५चा ६ जीबी प्रकार घ्यावा. दोन्ही फोनांत फरक २,३०० रुपयांचा आहे. तीन वर्षांच्या पदवीचे ३६ महिने धरले, तर महिन्याला ६४ रुपये पडतात. त्या ६४ रुपयांत दुपटीहून अधिक ठिपक्यांची स्क्रीन आणि हजार एमएएच जास्त बॅटरी मिळते. सुरक्षा अपडेटची मुदतही लिखित मिळते, आणि यूपीआय वापरणाऱ्या मुलासाठी ती शोभेची गोष्ट नाही.

चार्जर नसेल, तर रेडमीचा ६ जीबी प्रकार. पंधरा हजारांतून सव्वादोन हजार हातात राहतात. अशा वेळी ‘मग सॅमसंगचाच ४ जीबी घेऊ, १३,२९९ला आहे’ असा मधला मार्ग सुचवला जातो. तो मी घेणार नाही. चार्जरसह तोही साडेचौदा हजारांवर जातो. स्क्रीन चांगली मिळते, पण नोट्स उघड्या ठेवून दुसरे ॲप उघडले, की परतल्यावर पहिले पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होण्याचा त्रास ४ जीबीत अधिक. वर्षे जातात तशी ॲप जड होतात आणि रॅम नंतर वाढवता येत नाही.

तक्ता पूर्ण झाला की तो घेऊन दादरच्या किंवा लॅमिंग्टन रोडच्या दुकानातही जावे. प्रकार, किंमत, खोक्यातल्या वस्तू या तीन ओळी समोर ठेवून विचारले, की दुकानदारही नेमके उत्तर देतो. भाव थोडा जास्त निघाला, तरी जीएसटी बिल आणि समोर उघडलेले खोके यांची किंमत त्यात धरावी. आणि पैसे देण्याआधी खोक्यावर छापलेला प्रकार तक्त्यातल्या पहिल्या ओळीशी ताडून पाहावा. ६ जीबी ठरवून ४ जीबीचे खोके घरी आले, तर बाकीच्या सगळ्या ओळी व्यर्थ.