शोधकाचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे

संपादक महोदय,


‘प्रबंधावर एआय-शोधकाने लाल खूण केली, म्हणजे तो विद्यार्थ्याने लिहिलाच नाही’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. असे अनेक शोधक पुढचा शब्द किती अपेक्षित आहे आणि वाक्यांची लांबी किती एकसारखी आहे, हे पाहतात. मराठीत लिहिलेला प्रबंध इंग्रजीत नेणारे भाषांतराचे सॉफ्टवेअरही बहुधा अधिक संभाव्य शब्दच निवडते. त्यामुळे अस्सल मराठी मजकूरही इंग्रजीत जाताना गुळगुळीत होतो आणि त्यावर खूण उमटू शकते. थेट इंग्रजीत लिहिणाऱ्यांचीही यातून सुटका नाही: स्टॅनफर्डच्या २०२३च्या अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांच्या ९१ इंग्रजी निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध सात शोधकांनी यंत्रलिखित ठरवले होते.

समजा, सोलापुरी चादरीवरील प्रबंधात मूळ वाक्य असे आहे: ‘ताण्याचा धागा तुटला की कामगार माग थांबवतो, गाठ मारतो, तेवढी मजुरी बुडते.’ भाषांतरात त्याचे ‘तांत्रिक अडचणींमुळे उत्पन्नावर परिणाम होतो’ असे सपाट इंग्रजी झाले, तर मूळ मराठी शेजारी ठेवून धागा, गाठ आणि मजुरी परत आणावी. सॉफ्टवेअरने जोडलेली वाक्ये तोडावीत. स्वतःला तोंडी समजावता येणार नाही असा शब्द काढावा. शोधकाला चकवण्यासाठी मात्र शब्द बदलू नयेत. त्याने अर्थच बिघडतो.

एवढे करूनही खूण उमटू शकते. म्हणून मराठी कच्चे खर्डे तारखेसह जपावेत, भाषांतराची मदत घेतल्याचे प्रबंधात नमूद करावे. मार्गदर्शकांनीही आकड्यावर निकाल देण्याआधी ते खर्डे पाहून विद्यार्थ्याला प्रश्न विचारावेत.

आपला,
एक प्राध्यापक, सोलापूर