पावसात उतार नेमका का घसरतो? सहा काप, एक आकडा आणि पाण्याची पातळी

२९ जून २०१९ च्या रात्री पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची भिंत खालच्या बाजूच्या मजुरांच्या पत्र्याच्या शेडवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं होतं. दोन्ही घटना वेगळ्या. एकीकडे शहरातली भिंत, दुसरीकडे अख्खा डोंगर. पण दोन्ही वेळा बातम्यांमध्ये एक वाक्य सारखंच होतं: ‘मुसळधार पावसामुळे’.

माझा प्रश्न या ‘मुळे’चा आहे. पाऊस तर सगळ्याच उतारांवर पडतो, मग एखादाच का घसरतो? मी खडकीत राहतो, काम सॉफ्टवेअरचं करतो, पण इंजिनिअरिंगला शिकलेलं एक गणित या प्रश्नाचं बऱ्यापैकी सरळ उत्तर देतं. त्याचं नाव ‘मेथड ऑफ स्लाइसेस’, म्हणजे कापांची पद्धत. वीस-बावीस ओळींच्या कोडमध्ये ते बसतं, त्यामुळे शेवटी तुम्ही स्वतः चालवूनही बघू शकता.

उताराचे काप करायचे

१९१६ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदराचा एक धक्का घसरला. तपास करणाऱ्या इंजिनिअरांना दिसलं की माती जवळजवळ वर्तुळाच्या कमानीवरून सरकली आहे. कलिंगडाची फोड निघावी तशी. त्यातूनच कल्पना आली की उताराच्या पोटात अशी एक कमान गृहीत धरायची, तिच्यावरच्या मातीचे उभे काप पाडायचे आणि प्रत्येक कापाला दोन प्रश्न विचारायचे. तुझं वजन तुला खाली किती ओढतंय? आणि तुझ्या बुडाशी असलेली माती तुला किती धरून ठेवू शकते?

सगळ्या कापांची धरून ठेवण्याची ताकद भागिले सगळ्यांची ओढ, हा झाला फॅक्टर ऑफ सेफ्टी. उतार घसरण्याच्या अगदी काठावर असेल तर उत्तर १ येतं. या काठावरच्या समतोलालाच लिमिट इक्विलिब्रियम म्हणतात. कायमच्या उतारासाठी साधारण १.५ आणि तात्पुरत्या खोदाईसाठी १.३ च्या आसपासचा आकडा मागितला जातो.

एक उतार घेऊ

समजा, इमारतीच्या पायासाठी ८ मीटर खोल खोदाई केली आहे आणि कडेची माती ४५ अंशांत कापली आहे. हे उदाहरण माझं, कुठल्या खऱ्या साइटचं नाही. माती म्हणजे मऊ मुरूम, पुण्यात वरचा थर काढला की लागतो तसा. त्याचं वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांच्या थोडं खाली. मातीची पकड दोन गोष्टींतून येते. एक चिकटपणा, तो आपण १० किलोपास्कल धरू. दुसरं कणांचं एकमेकांशी घर्षण, त्याचा कोन ३० अंश धरू.

कमान उताराच्या पायथ्यापासून निघते आणि वरच्या कडेच्या ४ मीटर मागे जमिनीवर येते. तिच्यावरच्या मातीचे २ मीटर रुंद सहा काप पाडले. आता पायथ्याकडून चौथा काप बघा. खोदाईच्या प्रत्येक एक मीटर लांबीमागे त्याचं वजन सुमारे १७ टन आहे. त्याचं बूड ३४ अंशांनी तिरकं आहे, म्हणून या वजनाचे दोन भाग पडतात: ९.५ टन कापाला खाली ओढतात आणि १४.१ टन त्याला बुडावर दाबून धरतात. दाबामुळे घर्षण मिळतं ८.१ टन, चिकटपणाचे आणखी २.५ टन. एकूण पकड १०.६, ओढ ९.५. काप जेमतेम स्वतःच्या पायावर उभा आहे.

आता पाणी येतं

आपल्याला वाटतं की पावसाने माती जड होते आणि म्हणून घसरते. ते तपासायला मी फक्त वजन १९ चं २० केलं आणि सहाही कापांचा हिशोब केला. फॅक्टर १.४० वरून १.३८ झाला. बस, एवढंच. कारण वजन वाढलं की ओढ वाढते तसं घर्षणही वाढतं.

खरा फरक पडतो तो कणांमधल्या पाण्याच्या दाबाने. कमानीच्या वर पाणी साचलं की ते बुडाशी सगळ्या बाजूंनी दाब देतं, म्हणजे कापाला थोडं उचलून धरतं. यालाच पोअर प्रेशर म्हणतात. ओढ तेवढीच राहते, पण कणांना एकमेकांवर घट्ट दाबणारं बळ कमी होतं आणि घर्षण त्या बळावरच अवलंबून आहे.

चौथ्याच कापात अर्ध्या उंचीपर्यंत पाणी भरलं असं धरा. बुडावरचा पाण्याचा दाब ५.३ टन भार स्वतःवर घेतो. उरला ८.८ टन. घर्षण ८.१ वरून ५.१ वर आलं. चिकटपणा मिळवून एकूण पकड ७.५, आणि ओढ अजूनही ९.५. हा काप आता स्वतःच्या जोरावर उभा राहू शकत नाही. तो खालच्या कापांवर रेलतो.

खालचे काप त्याला तारतात का? पायथ्याचा पहिला काप छोटा आहे, पण त्याचं बूड जवळजवळ आडवं. त्याची ओढ फक्त ०.६ टन आणि पकड ओल्या अवस्थेतही साडेतीन टनांच्या जवळ. म्हणजे वरच्यांचं ओझं तोच पेलतोय. ऐन पावसात कुणी ‘जरा पाया मोकळा करूया’ म्हणून जेसीबीने पायथा खरवडला, तर याच कापाला हात लागतो. आकाराने छोटी वाटणारी खोदाई म्हणूनच महागात पडते.

कोडमध्ये

वरचा एकेका कापाचा हिशोब सुटसुटीत रूपात होता. त्यात काप एकमेकांना ढकलतात हे धरलेलं नाही. १९५५ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या बिशप यांनी ते आडवं ढकलणं हिशोबात घेणारी पद्धत मांडली. अडचण अशी की त्यात उत्तर शोधायला उत्तरच लागतं: F समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येतो. मग एक अंदाज घालायचा, येणारं उत्तर परत आत घालायचं आणि आकडा स्थिरावेपर्यंत फिरवत राहायचं. अशा कामाला संगणक हवाच, आणि १९५८ मध्येच ही पद्धत संगणकावर चालवल्याचा पेपर छापून आला होता. आज ती मोबाइलमधल्या पायथनवरही चालते:

```python
import math
h = [0.84, 2.33, 3.53, 4.38, 3.79, 1.54]
s = [0.186, 0.310, 0.434, 0.558, 0.682, 0.806]
b, g, gw, c = 2, 19, 9.81, 10
t = math.tan(math.radians(30))

def fos(p):
    F = 1.0
    for _ in range(50):
        up = dn = 0
        for hi, si in zip(h, s):
            W = g*b*hi
            u = gw*p*hi
            m = math.sqrt(1 - si*si) + si*t/F
            up += (c*b + (W - u*b)*t)/m
            dn += W*si
        F = up/dn
    return F

for p in (0, 0.5, 0.75):
    print(p, round(fos(p), 2))
```

इथे `h` म्हणजे कापांची उंची, `s` म्हणजे बुडाच्या कोनाचा साइन आणि `p` म्हणजे कापाच्या किती भागात पाणी चढलंय. पाणी नसताना उत्तर १.४० येतं. अर्ध्यापर्यंत पाणी आलं की १.०६. पाऊण भाग भरला की ०.८९, म्हणजे उतार उभा राहूच शकत नाही. माती तीच, कोन तोच, खोली तीच. बदलला फक्त `p`.

आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

इथे मुद्दा येतो. या उताराचा रिपोर्ट ‘फॅक्टर १.४, तात्पुरत्या खोदाईला सुरक्षित’ असा निघू शकतो आणि त्यात गणिताची एकही चूक नसेल. पण तो कोरड्या उताराचा आकडा आहे. म्हणून दुर्घटनेनंतर ‘रिपोर्ट होता का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘रिपोर्टमध्ये पाण्याची पातळी किती धरली होती?’ हा प्रश्न विचारायला हवा.

पद्धतीच्या स्वतःच्या मर्यादाही आहेत. आपण एकच कमान तपासली. खऱ्या कामात सॉफ्टवेअर शेकडो कमानी तपासून सर्वात कमी आकडा शोधतं, म्हणजे आपल्या उताराचा खरा आकडा १.४० पेक्षा कमीच निघण्याची शक्यता. दुसरं, किती मिलिमीटर पावसाने पाणी कुठवर चढेल हे ही पद्धत सांगत नाही. ते वेगळं मोजावं लागतं. पाणी जिरायला वेळ लागतो, म्हणून पाऊस थांबल्यावरही आतली पातळी वाढत राहू शकते. आणि तिसरं, हे गणित मातीचं आणि मुरुमाचं आहे. एक्सप्रेसवेवर आडोशी बोगद्याजवळ कातळातून दगड सुटतात, तिथे कमान नसते, भेगा असतात. तिथे हे गणित लावू नये.

याच कोडमध्ये उपायही दिसतो. `p` पाऊणवरून अर्ध्यावर आणलं तर एक घमेलं काँक्रीट न घालता ०.८९ चं १.०६ होतं. त्यासाठीच वरच्या कडेला चर काढून पावसाचं पाणी वळवतात, उघड्या उतारावर ताडपत्री टाकतात, आडव्या नळ्या घालून आतलं पाणी बाहेर काढतात आणि भिंतींना वीप होल, म्हणजे पाणी निघायची भोकं ठेवतात.

तुमच्या सोसायटीशेजारी अशी खोदाई चालू असेल तर वरच्या कडेला समांतर जाणारी भेग पडली आहे का बघा. तीच बहुधा कमानीचं वरचं टोक असते आणि पावसाचं पाणी थेट तिच्यातून आत जातं. पायथ्याशी माती फुगून पुढे येत असेल, भिंत किंवा विजेचा खांब कलत असेल, नितळ झिरपणारं पाणी अचानक गढूळ झालं असेल, किंवा जोराच्या पावसातही भिंतीची भोकं कोरडीच असतील, तर आत पाणी अडलंय किंवा माती हलायला लागली आहे असं समजा. फोटो काढा, पण खाली उभं राहून नको. आधी खालच्या शेडमधल्या लोकांना बाहेर काढा, मग महापालिकेला किंवा अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.