अडखळणं दिसतं, चूक दिसत नाही

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची व्हायवा जवळ आली की होस्टेलच्या खोल्यांमध्ये रात्री उशिरापर्यंत कुणी ना कुणी कुणाला तरी शिकवत बसलेलं असतं. याला वेळेचा अपव्यय म्हणणारे शिक्षक आहेत, आणि यापलीकडे तयारी लागतच नाही असं मानणारी मुलंही. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

ऑक्सिजन-हिमोग्लोबिनचा वक्र घ्या. शिकवणारा कागदावर तिरपा ‘एस’ काढतो आणि घडाघडा सांगतो, की कार्बन डायऑक्साइड, आम्लता किंवा तापमान वाढलं की वक्र उजवीकडे सरकतो आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं. ऐकणारी मैत्रीण विचारते, “अरे, मग फुप्फुसात त्याला ऑक्सिजन पकडता कसा येतो?” इथे गाडी थांबते. वाक्य पाठ असतं, पण वक्राचा आकार कधी वापरून पाहिलेला नसतो. मग तो बोट ठेवून शोधू लागतो. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब साधारण 100 मिमी पारा असतो आणि तिथे वक्र जवळपास सपाट आहे, म्हणून तो सरकला तरी संपृक्तता फारशी घटत नाही. ऊतींमध्ये दाब 40 किंवा त्याहून कमी असतो. तिथे चढ तीव्र आहे आणि तेवढ्याच सरकण्याने बराच जास्त ऑक्सिजन सुटतो. हीच फट एकट्याने वाचताना उघडी पडली नसती, कारण पुस्तक मध्येच प्रश्न विचारत नाही.

पण पुढचा प्रश्न येतो: हिमोग्लोबिन 15 वरून 7.5 वर आलं, तर संपृक्तता किती? “निम्मी,” तो ठामपणे म्हणतो. ती मान डोलावते. दोघंही चुकलेत. फुप्फुसं ठीक असतील तर संपृक्तता 97 टक्क्यांच्या आसपासच राहते. निम्मा होतो तो रक्तातला एकूण ऑक्सिजन, म्हणजे 100 मिलिलिटरमागे सुमारे 20 मिलिलिटरचा 10. अडखळलेलं मैत्रिणीला ऐकू येतं, ठामपणे सांगितलेली चूक येत नाही. शिवाय समोरची शंकाच काढत नसेल, तर शिकवणारा नुसतं माहीत असलेलं ओतत राहतो. रॉस्को आणि ची यांनी 2007 साली विद्यार्थी-शिक्षकांवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही हीच प्रवृत्ती ठळक दिसली होती.

म्हणून जोडीदार निवडताना मी हुशारीपेक्षा खोडी पाहीन. ‘का’ आणि ‘मग काय होईल’ विचारत राहणारी मैत्रीण हवी. नॉर्मल आकड्यांच्या याद्या मात्र तिला ऐकवू नयेत, त्या एकट्यानेच घोकाव्यात. आणि बोलताना पुस्तक बंद असलं, तरी बोलून झाल्यावर ते उघडावंच. तेही जिथे जीभ अडली तिथपुरतं नाही; जी उत्तरं न थांबता दिली, ती आधी तपासावीत.