दहा वस्तू किंवा कमी

मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्यूअर’ आणि न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हा इंग्रजीचा नियम आपल्याकडे इतका घोटून घेतला जातो की तो भाषेइतकाच जुना वाटावा. पण त्याचा उगम सापडतो तो रॉबर्ट बेकर यांच्या 1770च्या पुस्तकात, आणि तिथेही तो नियम नव्हताच. ‘शंभराहून कमी नाही’ असं म्हणताना आपल्याला ‘फ्यूअर’ जास्त डौलदार आणि अधिक योग्य वाटतो, एवढंच त्यांनी नोंदवलं होतं. एका गृहस्थाची आवड पुढच्या व्याकरणकारांनी कायदा करून टाकली! त्याआधी सुमारे नऊशे वर्षं, राजा आल्फ्रेडच्या काळातही, ‘लेस’ मोजण्याजोग्या नामांबरोबर बिनधास्त वावरत होता. आजही नियम काटेकोर पाळणारा फसतो तो अंतर, पैसे आणि वेळ यांपाशी. पाच मैल मोजता येतात, म्हणून ‘फ्यूअर दॅन फाइव्ह माइल्स’ लिहिलं तर इंग्रजी कानाला ते खटकतं. कारण तिथे सुटे पाच मैल अभिप्रेत नसतात, एक सलग अंतर असतं. पुस्तकं पाचापेक्षा ‘फ्यूअर’, पण अंतर, रुपये, मिनिटं ‘लेस’. आकडा दिसला की ‘फ्यूअर’ टाकणाऱ्यांची चूक इथेच होते. टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने 2008 साली ‘टेन आयटम्स ऑर लेस’ या पाट्यांवरून तक्रारी झाल्यावर ‘अप टू टेन आयटम्स’ लिहायचं ठरवलं, आणि दोन्ही शब्दांना सरळ वळसा घातला.