पॉटलक, पर्सेंटाइल आणि आपण

मंडळी, आधी एक कबुली देतो. गेल्या दिवाळीच्या पॉटलकमध्ये एका मैत्रिणीने कौतुकाने सांगितलं, "आमच्या लेकीला गणितात ९६ पर्सेंटाइल! तुमच्या चिरंजीवांचं काय?" चिरंजीव श्रीखंड-पुरीची प्लेट घेऊन शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "७८. पण पोहण्यात तो बराच पुढे आहे हं." त्या 'पण'ने घात केला. घरी येताना गाडीत मागच्या सीटवरून आवाज आला, "बाबा, ७८ बॅड आहे का?"

आपण टक्क्यांच्या राज्यात वाढलो. ७५ टक्क्यांना डिस्टिंक्शन, त्यामुळे ७८ म्हटलं की काठावर वाचल्यासारखं वाटतं. (पुण्याच्या आजीने तर फोनवर विचारलं, "उरलेले २२ कुठे गेले?") पण पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. त्याच्या इयत्तेतली शंभर मुलं रांगेत उभी केली, तर साधारण ७८ जण त्याच्या मागे असतील, एवढाच त्याचा अर्थ. किती गणितं बरोबर आली, हे त्यातून कळतच नाही. हा आकडा मुळातच तुलनेचा आहे.

रात्री मी मागच्या वर्षीचा रिपोर्ट शोधून काढला. तेव्हा पर्सेंटाइल होता ८२. म्हणजे मुलगा घसरला? त्याच कागदावर दुसरा एक आकडा असतो, स्केल स्कोअर. तो २१३ वरून २२१ झाला होता. वर्षभरात तो अपूर्णांक शिकला होता. बाकीची मुलंही शिकली, काही जरा जास्त, म्हणून रांगेतली जागा किंचित मागे गेली. शिवाय एखाद-दुसरं उत्तर चुकलं तरी ही जागा चार-पाच घरं हलते. दुसऱ्या दिवशी सर्दी झालेली असताना हीच परीक्षा दिली तर आकडा वेगळा येईल.

मी दोन्ही कागद मुलापुढे ठेवले आणि विचारलं, "तुझा आकडा लोकांना सांगू का?" तो म्हणाला, "नको. मला विचारलं तर मी सांगेन."

संक्रांतीला तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी म्हणालो, "त्याचे आकडे त्याचे, मी सांगत नाही असं आमचं ठरलंय." क्षणभर जरा अवघड शांतता पसरली, ते खरं. मग मी त्या मुलीलाच विचारलं, "तुला गणितात काय आवडतं गं?" आकडा ऐकून आम्ही मोठी माणसं तिला हे विचारायलाच विसरलो होतो. ती म्हणाली, "काका, जिऑमेट्री. फ्रॅक्शन्स मात्र मला मुळीच आवडत नाहीत." आमचे चिरंजीव तिळाची वडी चघळत म्हणाले, "मला आवडतात, दाखवू?" मग दोघंही कागद शोधायला बेसमेंटमध्ये पळाले.